शिरोलीतले सहा मीटर : कधी न केलेलं काम घेतल्याची नोंद

मी कोल्हापुरात राहून दुकानांसाठी आणि छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. बिलिंग, माल साठा, उधारीची खाती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं बिलिंग मी काही वर्षांपूर्वी करून दिलं होतं. दिवाळी झाल्यावर तिथल्या मालकांचा फोन आला.

"ताई, आमच्या सगळ्या पॅनेलला मीटर हाईत. पोरगं दिवसातनं दोनदा वहीत आकडे लिहितंय, आणि त्या वहीचा काय उपयोग न्हाई. हर एक हीटला भट्टीनं किती युनिट खाल्ली ते मला संध्याकाळी मोबाईलवर दिसाय पाहिजे. बिलिंग तुम्हीच केलंय, हे बी करा की."

फाउंड्री बिडाची. ५०० किलोची इंडक्शन भट्टी, धातू वितळवायची भांडी म्हणजे क्रुसिबल दोन, पण त्यांना वीज देणारं पॅनेल एकच, म्हणजे एका वेळी एकाच क्रुसिबलमध्ये धातू वितळतो. मीटर सहा: भट्टी, कॉम्प्रेसर, सँड प्लांट, मोल्डिंग, शॉट ब्लास्टिंग आणि ऑफिस-दिवाबत्ती. सगळे एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. बिडाच्या एका टनाला भट्टी साधारण ६०० युनिट घेते, म्हणून एका हीटला, म्हणजे ५०० किलो धातू वितळवायच्या एका फेरीला, ३०० च्या आसपास युनिट जायला हवीत. ही गोष्ट मला मालकांनीच सांगितली आणि पुढे ती माझ्या फार उपयोगी पडली.

काम ऐकताना मनात मी त्याचे दोन भाग पाडत होते. आकडे एकदा संगणकात आले की ते साठवणं, हीटप्रमाणे वेगळे काढणं, मोबाईलवर दाखवणं हे माझं रोजचं काम. पण मीटरमधून आकडा संगणकात आणणं मी कधीच केलेलं नव्हतं. मीटरच्या पाठीमागे A आणि B अशी दोन टर्मिनलं असतात, आणि तिथून मीटर मॉडबस नावाच्या पद्धतीनं बोलतो, एवढं ऐकून माहीत होतं.

फोनवर मी जे बोलले ते जवळजवळ शब्दशः असं: "काका, मीटरमधनं आकडा काढायचं काम मी केलेलं नाही. त्यापुढचं सगळं येतं. दोन दिवस द्या. हे शिकून जमण्यासारखं आहे का ते बघते आणि मग भाव सांगते."

ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "बघा की मग. घाई न्हाई."

दोन दिवसांत काय बघितलं

मॉडबस ही पद्धत १९७९ मध्ये मॉडिकॉन या कंपनीनं कारखान्यांतल्या यंत्रांसाठी काढली. ती सगळ्यांना खुली आहे, आणि मीटरच्या पुस्तिकेत कोणता आकडा कुठल्या खणात, म्हणजे रजिस्टरमध्ये, ठेवलाय याचा तक्ता दिलेला असतो. संगणकानं विचारायचं, "तीन नंबरच्या मीटरा, अमुक खणातलं सांग." मीटरनं सांगायचं. मीटर स्वतःहून कधी बोलत नाही. एका तारेवर विचारणारा एकच. पुस्तिका दोनदा वाचल्यावर वाटलं, हे शिकता येईल. इथे चूक झाली तर माझे तास जातील, बाकी कुणाचं काही जाणार नाही.

पण त्याच पुस्तिकेत दुसरी गोष्टही होती. मोठ्या प्रवाहाची तार थेट मीटरला जोडत नाहीत. मध्ये सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, बसवतात, आणि तो शेकडो अँपिअरचा प्रवाह ५ अँपिअरच्या मापात उतरवून मीटरला देतो. मूळ तारेत प्रवाह चालू असताना या सीटीची मीटरकडची जोडणी सुटी पडली, तर त्या सुट्या टोकांवर जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. म्हणजे पॅनेलमध्ये एक स्क्रू चुकीच्या वेळी सैल करणं पुरेसं आहे.

हे वाचल्यावर मी माझ्या "येत नाही" या यादीच्या दोन याद्या केल्या. एकीत मी शिकणार होते. दुसरीला मी हातच लावणार नव्हते, शिकायलाही नाही. नवीन काम घेताना आपल्याला किती येत नाही हे बहुतेक जण मोजतात. चुकल्यावर नुकसान कुणाचं होणार हे त्याआधी मोजायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मग मी मालकांना एक पानी पत्र दिलं. त्यातला मजकूर असा होता:

"मीटरमधून आकडे वाचण्याचं काम मी यापूर्वी केलेलं नाही. म्हणून पहिला टप्पा फक्त एका मीटरचा. मुदत १० दिवस, मोबदला ९,००० रुपये. या टप्प्याच्या शेवटी मीटरच्या डिस्प्लेवरचा आकडा आणि संगणकावरचा आकडा तुमच्यासमोर शेजारी शेजारी ठेवून जुळवून दाखवीन. जुळला नाही तर मोबदला द्यायचा नाही, पुढचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं, आणि तोवर जे सापडलं ते लिहून देईन. जुळला तर दुसरा टप्पा : सहा मीटर, हीटवार हिशोब, मोबाईलवरचा तक्ता, ४२,००० रुपये. पॅनेल उघडणं, तारा जोडणं, सीटीला हात लावणं हे काम कारखान्याच्या परवानाधारक वायरमननंच करायचं. ते मी करणार नाही."

९,००० हा आकडा कसा ठरवला ते सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ मी त्यावर घालवला. मॉडबस म्हणजे काय हे वाचण्याचे तास मी धरले नाहीत. ते ज्ञान माझ्याकडे राहणार, पुढच्या गिऱ्हाइकाकडेही मी तेच वापरणार. त्याचे पैसे या माणसानं का द्यावेत? पण त्यांच्याच मॉडेलचा तक्ता समजून घेणं, त्यांच्या पॅनेलच्या खोलीतून ऑफिसापर्यंत तार कशी न्यायची ते बघणं, हे त्यांच्याच कारखान्याचं काम. ते तास मी धरले. ही रेघ दर वेळी अगदी नेमकी ओढता येत नाही. पण ती ओढलेली असली की तासांची वही लिहिताना हात थबकत नाही.

मालकांनी पत्र वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "जुळलं न्हाई तर पैसं न्हाई, मग तुमचं काय?" मी म्हटलं, "माझं शिक्षण झालं, काका." त्यांनी सही केली.

टेबलावरचा मीटर, आणि बरोबर दिसणारी चूक

कारखान्यात थेट जाण्यापेक्षा घरी टेबलावर सुरुवात करायची असं मी ठरवलं होतं. त्यांच्या स्टोअरमध्ये त्याच मॉडेलचा एक जुना, पॅनेलवरून उतरवलेला मीटर पडून होता. वायरमनमामांनी त्याला घरगुती २३० व्होल्टची वायर आणि प्लग व्यवस्थित लावून दिला, तिन्ही फेजच्या टर्मिनलांना तीच एक लाईन. सीटी नसल्यामुळे करंट शून्य, पण व्होल्टेज खरा. शिवाय मीटरच्या पोटात जुनी युनिट साठलेली होती. डिस्प्लेवर २४६१३.७ दिसत होतं. हा साठलेला आकडा माझ्या नशिबानं तिथे होता.

पहिल्या संध्याकाळी मीटर काहीच बोलला नाही. A आणि B च्या तारा अदलाबदल केल्यावर बोलायला लागला. काही कंपन्या ही अक्षरं उलटी छापतात, हे मला नंतर कळलं.

पुस्तिकेत पहिल्या फेजचा व्होल्टेज 30001 या खणात आहे असं लिहिलं होतं. मी 30001 विचारलं. मीटरनं त्रुटी क्रमांक 2 पाठवला, म्हणजे असा खण नाही. थोडं वाचल्यावर कळलं की सुरुवातीचा ३ हा खणांचा प्रकार सांगतो, तो पत्त्याचा भाग नसतो. म्हणून मी खण 1 विचारला, आणि पडद्यावर आलं 230.61. मीटरच्या डिस्प्लेवर होतं २३०.५.

घरचा व्होल्टेज सारखा थोडा हलतच असतो, दशांशात फरक पडणारच. मला खूप आनंद झाला. फोन हातात घेऊन मालकांना सांगणारच होते. मग पत्रातलं "शेजारी शेजारी ठेवून जुळवून दाखवीन" हे वाक्य आठवलं आणि म्हटलं, एकच आकडा कशाला, आणखी दोन बघू. फ्रिक्वेन्सी विचारली. पडद्यावर 50.19, डिस्प्लेवर ५०.०. हेही चालण्यासारखं. मग साठलेली युनिट विचारली. पडद्यावर 24640.2 आणि डिस्प्लेवर २४६१३.७. साडेसव्वीस युनिटांचा फरक. व्होल्टेज हलतो, पण टेबलावर लोड नसलेल्या मीटरची युनिट हलत नाहीत. पुन्हा विचारलं तरी तोच आकडा. म्हणजे काहीतरी मुळातच चुकत होतं.

काय चुकत होतं ते सापडायला एक पूर्ण संध्याकाळ गेली. ते नीट समजावून सांगावंसं वाटतं, कारण या कामातला माझा सगळ्यात मोठा धडा तोच.

मीटरचा दशांश आकडा एका खणात मावत नाही, त्याला दोन खण लागतात. एका खणात आकड्याचा ठोकळ भाग असतो, दुसऱ्यात बारीक भाग. मी दोन चुका एकदम करत होते. पहिली, खणांची मोजणी तारेवर शून्यापासून सुरू होते, म्हणून 30001 चा खरा पत्ता 0, आणि मी 1 विचारत होते. दुसरी, हा मीटर बारीक भाग आधी पाठवतो आणि ठोकळ भाग नंतर, आणि मी उलट धरलं होतं. एक खण पुढे सरकल्यामुळे मला पहिल्या आकड्याचा ठोकळ भाग आणि त्याच्या पुढच्या आकड्याचा बारीक भाग मिळत होता. ठोकळ भाग बरोबर जागी बसल्यामुळे आकडा खरा वाटत होता. दोन्ही चुकांनी मिळून एकमेकींना झाकलं होतं.

आता हे बघा. २३० च्या आसपास ठोकळ भागाची एक पायरी १ व्होल्टची असते. म्हणून व्होल्टेज नुसता दशांशात चुकला. २४ हजारांच्या आसपास तीच पायरी १२८ युनिटांची होते. म्हणजे मी व्होल्टेजवर समाधान मानून काम पुढे रेटलं असतं, तर ३०० युनिटांच्या एका हीटच्या हिशोबात शंभराच्या पुढे चूक निघाली असती. कधी जास्त, कधी कमी. आणि मी छातीठोकपणे सांगितलं असतं की मीटर जुळवून बघितलाय.

एक चूक सुधारून पत्ता 0 केला, तर पडद्यावर `-0.0` यायला लागलं. गंमत म्हणजे एक चूक दुरुस्त केल्यावर उत्तर आधीपेक्षा वाईट दिसत होतं, आणि मागे फिरायचा मोह झाला. मग दशांश न कापता पूर्ण आकडा छापला, तो होता `-2.4e-41`. इतका लहान आकडा कुठलाही मीटर मोजत नाही. दोन खण उलटे लागले की असं होतं. कुणाला पडताळून बघायचं असेल तर एवढं पुरे:

```python
import struct
a, b = 0x8000, 0x4366
print(struct.unpack(">f", struct.pack(">HH", a, b))[0])
print(struct.unpack(">f", struct.pack(">HH", b, a))[0])
```

पहिली ओळ तो शून्याला चिकटलेला आकडा देते, दुसरी 230.5. खण तेच, क्रम वेगळा.

त्यानंतर जुळवणीची माझी रीत बदलली. लहान, मध्यम आणि मोठा असे तिन्ही मापांचे आकडे घ्यायचे, आणि त्यात निदान एक न हलणारा हवा. दहाव्या दिवशी मालकांच्या ऑफिसात मीटर टेबलावर ठेवून पाच आकडे जुळवून दाखवले. आधी कसं चुकलं होतं तेही सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुम्ही एका आकड्यावर थांबला असता तर माझी वाट लागली असती." बरोबरच होतं ते.

भट्टी चालू झाल्यावर

दुसऱ्या टप्प्यात वायरमनमामांनी सहाही मीटरांपासून ऑफिसापर्यंत तारा ओढल्या. सुट्टीच्या दिवशी सगळं छान चाललं. हजार वेळा विचारलं तर तीनदा उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी भट्टी चालू झाली आणि हजारात १९० प्रश्न वाया जायला लागले. काही उत्तरं यायचीच नाहीत, काही मोडकी यायची. मोडकं उत्तर ओळखता येतं, कारण प्रत्येक संदेशाच्या शेवटी पडताळणीचे दोन बाईट असतात. ते जुळले नाहीत तर संदेश टाकून द्यायचा.

सॉफ्टवेअरवालीचा पहिला विचार तोच माझाही होता: उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं, तीनदा, पाचदा. तसं केल्यावर तक्ता स्वच्छ दिसायला लागला. पण आजार तारेत आहे आणि मी वरून रंग लावतेय हे मला कळत होतं. मी आठवडाभर वाचत बसले असते तर कदाचित कारणही सापडलं असतं. पण मालकांना काम महिन्याभरात हवं होतं, आणि इथे वाचून येणाऱ्या गोष्टीपेक्षा हाताचा अनुभव लागणार होता.

साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघणारे एक ओळखीचे दादा आहेत. त्यांना माझ्या पैशातून २,००० रुपये देऊन अर्धा दिवस बोलावलं, आणि ते येणार आहेत हे मालकांना आदल्या दिवशी सांगितलं. दुसऱ्याचं ज्ञान आपलं म्हणून दाखवायचं नाही, एवढ्यासाठी.

दादांनी पंधरा मिनिटांत तीन गोष्टी दाखवल्या. मामांनी प्रत्येक मीटरची वेगळी तार आणून एका डब्यात सगळ्या एकत्र जोडल्या होत्या. दिसायला नीटनेटकं, पण या जोडणीला तार एका मीटरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी माळेसारखी जावी लागते. दुसरं, जाळीवाली पिळाची केबल न वापरता साधी वायर वापरली होती, आणि ती भट्टीच्या पॉवर केबलच्या ट्रेमधूनच आली होती. तिसरं, माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लागतो, तो नव्हता. यातलं मामांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं. पत्रात मी "तारा वायरमन जोडेल" लिहून मोकळी झाले होते, कशा जोडायच्या ते लिहिलं नव्हतं. ही माझी चूक, आणि मी मामांसमोर मालकांना तसं सांगितलं, नाहीतर बोल मामांना लागला असता.

नवीन केबल पॉवर केबलपासून लांब, भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं आली. जाळी फक्त ऑफिसच्या टोकाला अर्थ केली, दोन्हीकडे नाही. भट्टी पूर्ण जोरात असताना हजारात चार प्रश्न वाया गेले. ते मी तसेच सोडले. ज्या वेळी उत्तर आलं नाही त्या वेळची जागा तक्त्यात रिकामी दिसते, मधला अंदाजी आकडा भरला जात नाही.

हीटच्या हिशोबाला याचा त्रास होत नाही, कारण युनिटचा आकडा साठत जाणारा असतो. हीट सुरू होतानाचा आकडा, संपतानाचा आकडा, वजाबाकी. मधले दहा आकडे चुकले तरी वजाबाकी बरोबरच येते. सुरुवातीला मी दर दहा सेकंदांचा किलोवॅट घेऊन बेरीज करायच्या विचारात होते. तसं केलं असतं तर प्रत्येक हरवलेलं उत्तर हिशोबात शिरलं असतं.

कॉम्प्रेसरचा अर्धा आकडा

सहाही मीटर डिस्प्लेशी जुळले. तक्ता तयार झाला. पण "संगणक आणि डिस्प्ले जुळतात" याचा अर्थ "डिस्प्ले खरं सांगतो" असा होत नाही. हे मला कॉम्प्रेसरनं शिकवलं.

६० एचपीचा कॉम्प्रेसर लोडवर असताना मीटर ४२ अँपिअर दाखवत होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण किती असावा हेच मला माहीत नव्हतं. मामा सहज मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "एवढा कमी? न्हाई पटत." त्यांनी क्लॅम्प मीटर आणून केबलभोवती लावला. ८४ अँपिअर. बरोबर दुप्पट.

पॅनेलमधला सीटी २००/५ चा, म्हणजे २०० अँपिअर ५ वर उतरवणारा होता आणि मीटरमध्ये बसवताना कुणीतरी १००/५ भरलं होतं. म्हणजे बसवल्यापासून तो मीटर अर्धंच मोजत होता, आणि वहीतही अर्धंच लिहिलं जात होतं. मामांनी मीटरमधली किंमत दुरुस्त केली. मग आम्ही दोघांनी उरलेले पाचही सीटी तपासले, त्यांनी सीटीवरची पाटी वाचायची आणि क्लॅम्प लावायचा, मी मीटर आणि पडदा वाचायचा. ते पाच बरोबर निघाले. भट्टीच्या मीटरला आणखी एक कसोटी होती, मालकांनी पहिल्या दिवशी सांगितलेली: हीटला ३०० च्या आसपास. आमच्याकडे ३०६ आलं.

या तपासणीची तारीख, कोणत्या मीटरवर किती अँपिअर होते आणि क्लॅम्पनं किती दाखवले, हे मी अहवालाच्या पहिल्या पानावर ठेवलं. कॉम्प्रेसरच्या जुन्या नोंदी दुप्पट करून द्याल का, असं मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. ती किंमत कधी चुकीची भरली गेली, की मध्ये कधी बदलली, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

"मग हे बिलाशी जुळंल न्हवं?"

शेवटच्या दिवशी मालक, त्यांचा मुलगा आणि भट्टीचे सुपरवायझर असे तिघं बसले होते. तक्ता आवडला. आणि मालकांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला खरी धास्ती होती. महावितरणच्या बिलाशी हे जुळणार ना?

हो म्हणणं फार सोपं होतं. पण जुळणार नाही हे मला तोवर कळलं होतं, आणि का ते सांगता येत होतं. महावितरणचा मीटर ट्रान्सफॉर्मरच्या आधी, उच्च दाबाच्या बाजूला आहे. आपले सगळे त्याच्या नंतर. ट्रान्सफॉर्मरमध्ये जी वीज उष्णता होऊन जाते ती त्यांच्या मीटरवर दिसते, आपल्या मीटरवर नाही. शिवाय उच्च दाबाच्या ग्राहकांना महाराष्ट्रात आता केव्हीएएच या मापावर बिल येतं आणि आपण हीटला केडब्ल्यूएच, म्हणजे नेहमीची युनिट, मोजतोय. ही दोन मापं एक नव्हेत. आणि कारखान्यात या सहा मीटरांवर नसलेल्याही काही जोडण्या आहेत.

मी म्हटलं, "काका, आजची हीट कालच्या हीटशी ताडून बघायला हे पक्कं आहे. बिल बरोबर की चूक ते यावरून ठरवू नका. तसं मी लिहूनही दिलंय."

मग मुलानं दुसरी गोष्ट काढली. त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाला पुरवठादारांकडून विजेची माहिती हवी होती. "मॅडम, ह्या रिपोर्टच्या वर 'ऊर्जा लेखापरीक्षण' लिहून सही करून द्या की. आकडे तर खरेच आहेत."

आकडे खरे होते. पण ऊर्जा लेखापरीक्षक हे ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ खाली आलेलं, ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची परीक्षा पास होऊन मिळणारं नाव आहे. मी सहा मीटर वाचायला शिकले होते. नुकसान कुठे होतंय, किती वाचेल, हे सांगायचा मला अधिकार नव्हता आणि ते ज्ञानही नव्हतं. मी नकार दिला. वातावरण थोडं अवघडलं, हे खरं. शेवटी अहवालाचं नाव "सहा मीटरच्या नोंदी आणि त्यांची पडताळणी" असं ठेवलं आणि खाली लिहिलं की यात बचतीचा कोणताही अंदाज नाही. मुलाला म्हटलं, लेखापरीक्षक बोलवाल तेव्हा त्यांना या नोंदी द्या, त्यांचे बरेच दिवस वाचतील.

बचतीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तक्त्यात स्पष्ट दिसत होती. दिवसाची पहिली हीट ३४० पर्यंत जायची आणि पुढच्या ३०० च्या जवळ यायच्या. ते सुपरवायझरना आधीच माहीत होतं, रात्रभर थंड पडलेलं अस्तर तापायला वीज लागतेच. पण दुपारी तीन-चारच्या सुमारास एखादी हीट ३३० ला जायची. मला कारण माहीत नव्हतं. मी फक्त वेळा दाखवल्या. सुपरवायझरनी दोन दिवसांच्या वेळा आपल्या वहीशी ताडल्या आणि म्हणाले, "साचं तयार नसत्यात त्या वक्ताला. धातू वितळून भट्टीत वाट बघत बसतोय, आणि आम्ही तो गरम ठेवतोय." पुढे मोल्डिंगच्या पाळीत त्यांनी काय बदल केला तो त्यांचा निर्णय.

पुढचा फोन

मार्चमध्ये गोकुळ शिरगावहून दुसऱ्या फाउंड्रीवाल्यांचा फोन आला. या मालकांनीच नंबर दिला होता. "तुम्ही मीटरचं काम करता म्हणं." मी सांगितलं, "एका फाउंड्रीत केलंय. सहा मीटर, सगळे एकाच मॉडेलचे. तुमचे कुठले आहेत?"

त्यांचे तीन वेगळ्या कंपन्यांचे निघाले. मी पुन्हा पहिला टप्पा वेगळा ठेवला, प्रत्येक मॉडेलचा एक मीटर टेबलावर, मुदत सहा दिवस. तारांची माळ, केबलचा प्रकार, रेझिस्टर आणि सीटीची तपासणी या गोष्टी या वेळी पत्रात आधीच लिहिल्या. त्यांच्या वायरमनलाही पहिल्याच बैठकीला बोलावून घ्या, असं सांगितलं.

मॉडबस मी यापूर्वी केलेलं नाही, ही ओळ या पत्रात नव्हती. तिच्या जागी होतं : "यापूर्वी एकाच मॉडेलच्या सहा मीटरांवर हे काम केलं आहे. तुमच्या तीनपैकी एकही मॉडेल मी हाताळलेलं नाही."

त्यांनी टेबलावर ठेवायला पहिला मीटर पाठवला तेव्हा मी आधी त्याच्या पोटात जुनी युनिट आहेत का ते बघितलं.